दोन चुकीचे पर्याय वगळल्यास बदलते गुणांचे गणित

नवी दिल्ली : केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत प्रत्येक प्रश्नाला २ गुण असून, चुकीच्या उत्तरासाठी त्यांपैकी एक-तृतीयांश गुण वजा होतात. चारही पर्यायांतून केवळ अंदाजाने उत्तर निवडल्यास सरासरी लाभ शून्य ठरतो. दोन पर्याय खात्रीने वगळल्यास मात्र तो प्रतिप्रश्न सुमारे ०.६७ गुण होतो.

अमरकंटक येथे उगम पावून अरबी समुद्राला मिळणारी नदी कोणती, या प्रश्नाला गोदावरी, शोण, तापी आणि नर्मदा हे पर्याय आहेत, असे समजू. गोदावरी बंगालच्या उपसागराला, तर शोण गंगेला मिळते. म्हणून दोन्ही बाद होतात. शोणचा उगमही अमरकंटक परिसरातच असल्याने केवळ उगम पाहणारा उमेदवार येथे फसू शकतो. उरलेल्या दोन्ही नद्या पश्चिमवाहिनी आहेत. परंतु तापी मुलताई येथे उगम पावते. त्यामुळे नर्मदा हेच उत्तर ठरते.

पर्याय वगळण्यामागे असे ठोस कारण हवे. केवळ अपरिचित वाटल्याने योग्य पर्यायच वगळला गेला, तर उरलेल्या दोहोंपैकी कोणतीही निवड गुण घटवते.