सहा लाखांचा वाढावा

२०१२-१३चा ताळेबंद पुन्हा काढून पाहिला. बारामतीतल्या आमच्या क्लबात त्या वर्षी ६० जणांनी प्रत्येकी १०,००० रुपये भरून आजीव सभासदत्व घेतलं. सहा लाख आले आणि मी ते सगळेच्या सगळे उत्पन्नात जमा धरले. वार्षिक सभेत वाढावा ऐकून टाळ्या पडल्या, आणि त्याच जोरावर बॅडमिंटनचं लाकडी कोर्ट झालं. पुढच्या वर्षी हीच माणसं रोज खेळायला येत होती. वीज, झाडलोट, शटलकॉक सगळं त्यांच्यासाठी चालू होतं, पण त्यांच्याकडून येणं शून्य. तूट आली, तेव्हा कार्यकारिणीने वीजबिलाला दोष दिला.

वार्षिक वर्गणीत हीच चूक लपून होती. आमचं वर्ष एप्रिलचं, पण ऊसबिलाचा हप्ता हातात पडला की लोक जानेवारी ते मार्चमध्येच पुढच्या वर्षाची वर्गणी भरून मोकळे होतात. मी पावतीच्या तारखेला उत्पन्न धरत असे. दरवर्षी साधारण १५० जण आगाऊ भरत आणि दर तोच राही, म्हणून चुकीला चूक भागत होती. २०१६-१७साठी वर्गणी १,२०० वरून १,८०० झाली. मार्च २०१६पर्यंत आलेले २,७०,००० रुपये मी २०१५-१६ला लावले, आणि आदल्या मार्चमध्ये आलेले १,८०,००० त्याआधीच्या वर्षाला लागलेले होते. म्हणजे २०१५-१६चं उत्पन्न फुकट ९०,०००ने फुगलं.

२०१८-१९मध्ये नव्या लेखापरीक्षकांनी एकच प्रश्न विचारला: ‘३१ मार्चला आगाऊ वर्गणीचं खातं शून्य कसं?’ पावतीपुस्तकावर ‘कोणत्या वर्षासाठी’ हा रकाना होता, तो कोणी भरतच नव्हतं. मीही नाही.

त्यानंतर आगाऊ वर्गणी ताळेबंदात देण्याच्या बाजूला बसू लागली आणि एप्रिलमध्ये उत्पन्नात वळू लागली. आजीव शुल्क १५ वर्षांत वाटायचं ठरलं, वर्षाला ४०,०००. पंधराच का? जुन्या नोंदवहीत सभासद साधारण तेवढी वर्षं येतात असं दिसलं म्हणून. अंदाजच तो, चाळिशीतला गडी पंचवीस वर्षंही खेळेल, आणि शेवटची दहा वर्षं त्याच्या नावावर उत्पन्न नसेल. सहा वर्षांचे २,४०,००० झालेले धरून उरलेल्या ३,६०,०००ची नोंद केली: जुना वाढावा नावे, आजीव सभासद निधी जमा.

नोंद एका ओळीची, अडचण वेगळीच. निधी कागदावर होता, पैसा कोर्टात गेला होता. मग दरवर्षी थोडी मुदत ठेव करत गेलो. ३१ मार्च २०२४ला निधीत १,२०,००० उरले होते आणि ठेवही पहिल्यांदाच तेवढी झाली.