माझ्या जागी येणाऱ्यास

या महिन्याच्या अखेरीस मी विद्युत उपकेंद्रातील चाकरीतून निवृत्त होत आहे. कार्यभार सोपविताना किल्ल्या, हत्यारे, अर्थिंगचे दांडे आणि नोंदवह्या यांची यादी द्यावी लागते. ती मी दिली आहे. पण रोहित्राकडे, म्हणजे ज्याला आपण सारे ट्रान्सफॉर्मर म्हणतो त्या यंत्राकडे, रोज कसे पाहावे हे त्या यादीत कोठेच बसत नाही. म्हणून ते निराळ्या टिपणात लिहून मी माझ्या जागी येणाऱ्या तरुण सहकाऱ्याच्या हाती देणार आहे. तेच टिपण आज श्रोत्यांपुढे वाचीत आहे.

आपले हे उपकेंद्र माळव्यातल्या काळ्या रानात उभे आहे. येथे १३२ किलोव्होल्टची वीज येते, २५ एमव्हीएचे एकच रोहित्र तिचा दाब ३३ किलोव्होल्टवर आणते आणि मग ती गावोगावच्या लहान उपकेंद्रांकडे जाते. रब्बीच्या दिवसांत रात्रभर गव्हाला पाणी देणारे पंप चालतात. तेव्हा भार दिवसापेक्षा रात्रीच अधिक असतो. या रोहित्राच्या पोटात सुमारे १५,००० लिटर तेल आहे. गुंडाळ्यांची उष्णता घेऊन तेल वर चढते, बाजूच्या रेडिएटरांतून निवत खाली येते आणि पुन्हा पोटात शिरते. तापून फुगलेल्या तेलाला जागा असावी म्हणून माथ्यावर कॉन्झर्व्हेटर नावाची आडवी टाकी आहे. तुम्हांला हे सारे शिकविलेले आहे, हे मी जाणतो. मला सांगावयाचे आहे ते एवढेच की, या यंत्रावरचा कोणताही काटा एकट्याने वाचू नका.

प्रथम तपमानाचे घेऊ. तेलाच्या तपमानाचा काटा ८५ अंशांवर गेला की घंटा वाजते आणि ९५ वर रोहित्र आपोआप बंद होते. पत्र्यावर हे आकडे ठळक रंगविलेले असल्यामुळे नवा माणूस काटा त्यांच्यापासून किती दूर आहे तेवढेच पाहतो आणि नोंदवहीत 'सामान्य' लिहून मोकळा होतो. मीही कित्येक वर्षे तसेच लिहीत आलो. पण तेलाचे ४४ अंश हे वैशाखातल्या दुपारी शुभ लक्षण असते आणि पौषातल्या पहाटे दुखण्याची सूचना. म्हणून नोंदवहीच्या समासात मी पेन्सिलीने एक जादा रकाना आखीत आलो आहे: तेलाचे तपमान वजा हवेचे तपमान. त्याच्या शेजारी त्या वेळचा भार अँपिअरमध्ये लिहावा. भार तोच आणि तो पाच-सहा तास टिकलेला असेल, तर ही वजाबाकी रोज जवळजवळ तीच यावयास हवी.

दोन वर्षांपूर्वीच्या माघातील गोष्ट सांगतो. आठांपैकी दोन रेडिएटरांच्या जोडांतून तेल झिरपत होते, म्हणून दुरुस्तीची तुकडी आली, गॅस्केटे बदलून गेली. त्याच्या आदल्या पहाटे चार वाजता हवा १२ अंश होती, भार ३०० अँपिअर आणि तेल ३७ अंश. म्हणजे वजाबाकी २५. दुरुस्तीनंतरच्या दुसऱ्या पहाटे हवा १२, भार ३००, पंखे पूर्वीसारखेच बंद, आणि तेल मात्र ४४. धोक्याचा आकडा अजून ४१ अंश दूर होता. तरीही वजाबाकी २५ वरून ३२ वर गेली होती. मी कंदील घेऊन यार्डात गेलो आणि एकेका रेडिएटरच्या वरच्या अंगाला हात लावून पाहिला. सहा रेडिएटर पोळीच्या तव्याभोवतालच्या ओट्यासारखे उबदार होते, दोन मात्र पहाटेच्या हवेइतकेच गार. त्यांच्या खालच्या झडपा उघडल्या होत्या, वरच्या बंदच राहून गेल्या होत्या. तेलाला आत शिरावयास वाटच नव्हती, म्हणून आठ रेडिएटरांचे काम सहाच करीत होते. उन्हाळ्यातला भार येईपर्यंत हे कोणाच्या लक्षात आले नसते, तर घंटा वाजल्यावर साऱ्यांनी दोष उन्हालाच दिला असता.

अशी झडप सापडली तरी ती तुम्ही स्वतः उघडू नका. रेडिएटरमध्ये हवा अडकलेली असेल, तर ती वर चढून कॉन्झर्व्हेटरच्या नळीवरील बुखोल्झ रिलेत साठते, आणि तो रिले तिला आतील बिघाडाचा वायू समजून घंटा वाजवितो. दुरुस्तीच्या लोकांना बोलवावे; ते माथ्यावरील बूच सैल करून हवा काढून टाकतील. उपकरणाला हात लावताना तळहात जमिनीवरून पोहोचेल तेथपर्यंतच न्यावा. शिडी, स्टूल किंवा काठी चालू रोहित्राजवळ कधीही आणू नये.

गुंडाळीचा काटा हा निराळाच प्राणी आहे. तो गुंडाळीला स्पर्श करीत नाही. तेलाचे तपमान घेऊन त्यात भाराच्या प्रमाणात एका लहान हीटरची ऊब मिळवितो आणि गुंडाळी किती तापली असेल याचा अंदाज दाखवितो. म्हणून भार वाढला की तेलाचा व गुंडाळीचा काटा यांतील अंतर वाढावयास हवे. भरल्या भारावरही दोन्ही काटे जोडीने चालत असतील, तर गुंडाळी थंड आहे असा अर्थ करू नका. त्या हीटरला प्रवाह मिळत नाही एवढेच समजा, आणि तसे वरिष्ठांना कळवा.

आता तेलाच्या पातळीविषयी. हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण येथे चूक माझी आहे. २००९ च्या डिसेंबरात मी दुसऱ्या एका उपकेंद्रात होतो. तेथील कॉन्झर्व्हेटरचा काटा अकरा दिवस अर्ध्याच्या किंचित वर उभा होता. सकाळी तेथेच, सायंकाळी तेथेच. मी अकरा दिवस 'पातळी ठीक' असे लिहिले, आणि काटा किती स्थिर आहे याचे मला समाधानही वाटे! बाराव्या रात्री थंडीची लाट आली. अडीच वाजता बुखोल्झची घंटा वाजली आणि मी यार्डात पोहोचण्याच्या आतच रोहित्र बंद पडले. रिलेत वायू नव्हता, तेलच नव्हते. कॉन्झर्व्हेटर रिकामा झाला होता आणि काटा गंजून अडकला होता. तळाच्या झडपेतून बारीक धार लागली होती व तेल खडीत मुरत होते, म्हणून जमिनीवर थारोळे दिसले नव्हते. रोहित्राला इजा झाली नाही. पण तेल गाळून भरण्यात दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ उजाडली, आणि त्या रात्री पाण्याची पाळी असलेले शेतकरी ओल्या पायांनी बांधावर उभे राहिले. त्यांच्यापैकी दोघे सकाळी फाटकाशी आले होते. रागावून बोलले असते तर बरे झाले असते. त्यांनी वीज केव्हा येईल एवढेच विचारले.

काट्याने स्थिर राहावयाचे नसते, हे मला त्या रात्री उमगले. तेल दहा अंश तापले की सुमारे ०.७ टक्क्याने फुगते. आपल्या १५,००० लिटरांच्या हिशेबाने वीस अंशांच्या फरकाला दोनशे लिटर होतात. तेवढे तेल रात्रंदिवसात कॉन्झर्व्हेटरमध्ये चढले-उतरले पाहिजे, आणि काट्याने ते दाखविले पाहिजे. भार आणि तपमान बदलूनही जो काटा हलत नाही, तो अडकला आहे असे धरून चाला. याचीच दुसरी बाजू अशी की, गळती उन्हाआड लपते. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला तीन-चार लिटर तेल जाते, महिन्याला शंभराच्या आसपास. माघातून चैत्रात जाताना तेल पंधरा अंशांनी तापले, तर ते त्याहून अधिक फुगते. काटा वर सरकतो आणि पाहणारा निश्चिंत होतो. म्हणून पातळी लिहिताना तिच्याशेजारी तेलाचे तपमान लिहावे, आणि आजच्या पातळीची तुलना कालच्या पातळीशी न करता तेलाचे तपमान तेवढेच असलेल्या एखाद्या जुन्या दिवसाशी करावी. माझ्या वह्यांत असे दिवस शोधावयास तुम्हांला फार वेळ लागणार नाही.

गळतीची जागा शोधताना ओला डाग जेथे दिसतो तेथे थांबू नये. तेल वरून ओघळत येते. कोरड्या फडक्याने सारा भाग पुसावा, खडूची पूड भुरभुरावी आणि तासाभराने पाहावे. पूड सर्वांत वरती जेथे काळवंडली असेल, तोच जोड दोषी. हेही हात पोहोचेल तेवढ्याच उंचीपर्यंत. त्याहून वरचे काम वीजपुरवठा बंद करून परवान्यानेच व्हावयाचे. आणि खडीचा रंग पाहावा. त्या बाराव्या रात्रीनंतर मी खडीकडे न पाहता कधी फेरी संपविलेली नाही.

आवाजाविषयी थोडेसेच सांगतो, कारण तो कान स्वतःच शिकतो. रोहित्राचा घुमारा पोलादी गाभ्यातून येतो. विजेची आवर्तने सेकंदाला ५० असली तरी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा आकसतो-पसरतो, म्हणून घुमाऱ्याची कंपने १०० असतात. हा घुमारा भारापेक्षा विजेच्या दाबावर अधिक अवलंबून असतो. पंप बंद असलेल्या रात्री दाब वाढला म्हणजे भार कमी असूनही तो मोठा वाटतो, त्याने घाबरू नये. त्यात पत्र्याची थरथर मिसळली तर पंख्याची जाळी व पेट्यांची दारे एकेक करून हाताने दाबून पाहावी. दाबताच आवाज थांबला की सैल स्क्रू सापडला. धुक्याच्या सकाळी माथ्यावरील चिनी मातीच्या बुशिंगांतून येणारी सळसळ बहुधा त्यांवरच्या धुळीची असते. धुके विरल्यावरही ती राहिली तर कळवावे. पण टाकीच्या आतून तडतड ऐकू आली, तेल उकळल्यासारखे वाटले, तर कारण शोधीत तेथे उभे राहू नये. लगेच दूर व्हावे, भारनियंत्रण कक्षाला फोन करून रोहित्र बंद करण्याची परवानगी मागावी, आणि तेवढाही अवधी नाही असे वाटले तर स्वतःच बंद करावे. त्याचा जाब मागणारा भेटला तर वेळेसह लिहिलेली नोंद त्याच्यापुढे ठेवावी.

जाता जाता श्वासनलिकेतील सिलिका जेलचे. आपल्याकडील जेल निळे आहे, ओलाव्याने गुलाबी होते. हवा खालून आत येते, म्हणून ते खालून वर गुलाबी होत गेले पाहिजे. वरचेच दाणे आधी गुलाबी झाले, तर दमट हवा वरच्या एखाद्या फटीतून परस्पर शिरते आहे. नुसते जेल बदलून भागणार नाही, नळीचा जोड पाहावा लागेल.

खडूची पूड नियंत्रण कक्षातील डाव्या कपाटात, खालच्या फळीवर, चहाच्या जुन्या डब्यात आहे. हवेचा तापमापक मी रोहित्राच्या उष्णतेपासून दूर, उत्तरेकडील भिंतीवर सावलीत टांगला आहे. पहाटेची फेरी त्याच्यापासून सुरू करावी.