नव्या बॅचची खरी जाहिरात

‘शंभर टक्के यशाची हमी’ असं क्लासचालकाला आता छापता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. गुणवंताचा फोटो लावायचा तर निकालानंतर घेतलेली त्याची लेखी संमती हवी. तो नेमका कोणता कोर्स शिकला, हेही सांगावं लागतं. फसवणूक बहुधा इथेच होते: मुलगा फक्त सराव परीक्षांना आलेला असतो.

मग रिक्षावरच्या भोंग्यातून सांगायचं काय? समजा, असं:

“अकरावी सायन्सची नवी बॅच सोमवारपासून. वर्गात चाळीसच मुलं, दर रविवारी चाचणी. शिक्षक कोण, फी किती, मध्येच सोडल्यास परत किती, सगळं लेखी मिळेल. आधी दोन तास बसून बघा.”

यातला प्रत्येक शब्द पालकाला प्रवेशाआधीच पडताळता येतो.