५१२ जीबीचे ४७६ कसे होतात?

खोक्यावर ५१२ जीबी, पडद्यावर मात्र ४७६. दुकानदाराने फसवलेले नसते. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून तिचा जीबी सुमारे १०७ कोटी बाइटचा. बाइट तेवढेच, माप मोठे, म्हणून आकडा लहान. ॲपलने २००९ पासून मॅकवर कंपन्यांचेच माप स्वीकारले, तिथे ही तक्रार उरली नाही.

खरी जागा खाणारे वेगळेच असतात, आणि ते सहसा दिसतही नाहीत. सी ड्राइव्हवर `hiberfil.sys` नावाची लपवलेली फाइल असते. लॅपटॉप हायबरनेट होताना मेमरीतला मजकूर तिच्यात उतरतो. तिचा आकार साधारणपणे रॅमच्या ४० टक्के, म्हणजे १६ जीबी रॅमला सहा जीबीहून जास्त. हायबरनेट कधीच वापरत नसाल, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ही आज्ञा द्यावी:

```
powercfg /h off
```

फाइल लगेच जाते. मात्र त्यासोबत फास्ट स्टार्टअपही बंद होते आणि लॅपटॉप सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागू शकतो. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर उरणारे `Windows.old` फोल्डर याहून कितीतरी जड असते, पण ते साधारण दहा दिवसांनी आपोआप पुसले जाते.