परतीचा धागा

द्विमान वृक्षात डावीकडे उतरलं की वर परतायची वाट उरत नाही, म्हणून एरवी स्टॅक किंवा रिकर्जन लागतं. जोसेफ मॉरिस यांनी 1979 मध्ये रिकामे उजवे दुवेच वापरले.

मुळाशी 4, डावीकडे 2, उजवीकडे 5. 2 खाली 1 आणि 3. आधी 4 च्या डाव्या शाखेतलं सर्वांत उजवं टोक, 3, गाठून त्याचा रिकामा दुवा 4 ला जोडायचा. मग 2 वर येऊन तसाच 1 चा दुवा 2 ला. आता 1 छापून धाग्याने 2 वर परत. पुन्हा टोक शोधताना धागा सापडतो. म्हणजे डावी बाजू संपली. तो तोडून 2 छापायचा, मग 3, 4, 5. मध्येच थांबलात, तर उरलेल्या धाग्यांमुळे पुढची साधी फेरी अनंत फिरेल.