पन्नासपैकी एकेचाळीस

२८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेविना पदवी देता येणार नाही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी मग घरबसल्या देता येतील अशा बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा उभ्या केल्या. पुढची गोष्ट त्याच दिवसांतली आहे. तिच्यातला मुलगा कल्पित असला, तरी त्याची तगमग अनेकांना ओळखीची वाटेल.

मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा. कॉस्टिंगचा पेपर, पन्नास प्रश्न, एक तास. लॅपटॉपवर पेपर आणि मांडीवर मोबाइल. प्रश्नांचा क्रम प्रत्येकाला वेगळा, त्यामुळे ‘बावीसचं काय रे?’ असं विचारून भागत नाही. प्रश्नाचा फोटो मित्राला पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. पहिले वीस प्रश्न त्याने स्वतः सोडवले. मग एक अडला, तो पाठवला. उत्तर आलं. त्यानंतर न अडलेलेही जाऊ लागले.

त्यातला एक ना नफा ना तोटा बिंदूचा होता. वस्तूची किंमत ५० रुपये, प्रत्येक नगामागे बदलता खर्च ३० रुपये, स्थिर खर्च ६०,००० रुपये. किती नग विकले म्हणजे तोटा थांबेल? नगामागे २० रुपये उरतात, म्हणून ६०,००० भागिले २०, बरोबर ३,०००. हे त्याने कच्च्या कागदावर लिहिलंही होतं. मित्राचं उत्तर आलं १,२००. मित्राने बदलता खर्च विसरून थेट ५० ने भागलं होतं. “पक्कं ना?” “पक्कं.” मुलाने ३,००० वरची खूण काढून १,२०० वर केली.

निकाल लागला. पन्नासपैकी एकेचाळीस. कुणी पकडलं नाही, कुणी विचारलं नाही. घरात पेढे आले आणि त्याला ते गोड लागेनात.

अशा वेळी मन सबबी शोधतं. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९५७ साली वाट चुकलेल्या किशोरांच्या सबबींचे पाच प्रकार मांडले. या मुलाच्या तोंडी ते असे येतील: परिस्थितीच तशी होती, कुणाचं नुकसान झालं नाही, अशी परीक्षा घेणाऱ्यांना हेच हवं, नियम सांगणारे तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत, आणि मैत्रीत एवढं चालतंच. साइक्स आणि मात्झा यांचं म्हणणं असं की ज्याला नियम मनातून मान्य असतो, त्यालाच सबब लागते. म्हणजे या मुलाची अस्वस्थता दुबळेपणाची खूण नाही. नियम त्याच्यात अजून जिवंत आहे.

पकडलं जाण्याचा धोका मात्र खोटा नव्हता. दोघांची बरोबर उत्तरं जुळली तर काहीच सिद्ध होत नाही; तपासणारे चुका जुळतात का ते पाहतात. १,२०० ही चूक सहज होण्यासारखी असल्याने अनेक जण ती आपापली करतील, त्यामुळे एका जुळणीवरून कुणावर आळ घेता येत नाही. पण क्वचितच कुणी निवडतो असे चुकीचे पर्याय दोन पेपरांत पुन्हा पुन्हा सारखे दिसले, तर शंका बळावते.

खरं नुकसान वेगळंच आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. एक उतारा त्यांनी पुन्हा वाचला, दुसरा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवत होता. आठवड्यानंतर मात्र त्यातलं सुमारे ४२ टक्के आठवलं, तर आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के. आठवण्याचे कष्टच शिकवतात. परीक्षा हे असे कष्ट करायला लावणारी जागा असते, आणि फोटो पाठवताच ते कष्ट संपतात. शिवाय एकेचाळीसपैकी आपले किती, हे कळायला मार्ग उरत नाही. जे येत होतं त्यावरचाही विश्वास उडाला, याची साक्ष तो ३,००० देतो.

यावर उपाय आहे, आणि तो नुसत्या पश्चात्तापाने होत नाही. त्याच धड्यांवरचा दुसरा पेपर घ्यावा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून तासाभरात सोडवावा आणि स्वतः तपासावा. अठ्ठावीस आले तर अठ्ठावीस; कोणता धडा पुन्हा करायचा हे त्यावरून तरी कळतं. मित्रालाही सांगावं की यापुढे परीक्षेत उत्तर मागणार नाही आणि देणारही नाही, कारण ‘पक्कं’ म्हणण्याचं ओझं त्याच्यावरही होतं. परीक्षेनंतर दोघांनी ते गणित समोरासमोर बसून केलं असतं, तर पाच मिनिटांत दोघांनाही ३,००० समजले असते. मैत्रीची मदत घ्यायची ती अशी.