खेळायची पाळी कुणाची?

बुद्धिबळाच्या पटावरचं सगळं सैन्य कापलं गेलंय. दोन राजे उरलेत आणि एका बाजूकडे एकच प्यादं. नवख्याला वाटतं, प्यादं आहे म्हणजे जिंकलोच, आठव्या ओळीत पोचवलं की वजीर तयार. पण अशा स्थितींतल्या कितीतरी बरोबरीत सुटतात, आणि पुष्कळदा निकाल एकाच गोष्टीवर ठरतो: आत्ता खेळायची पाळी कुणाची आहे?

बुद्धिबळात पाळी सोडता येत नाही. डावाच्या मध्यावर त्याचा जाच होत नाही, कारण कुठलं तरी मोहरं हलवायला मिळतंच. शेवटी हातात फक्त राजा राहतो, तेव्हा ‘खेळावंच लागणं’ हीच शिक्षा ठरते. दोन राजे एका रेषेत समोरासमोर आलेत, मध्ये एकच घर मोकळं आहे. नियमानुसार राजा राजाला भिडू शकत नाही, त्यामुळे मधली तिन्ही घरं दोघांनाही बंद. ज्याची पाळी असेल त्याला बाजूला सरकावं लागतं किंवा मागे हटावं लागतं, आणि दुसरा पुढे घुसतो. या स्थितीला ऑपोझिशन म्हणतात. ज्याला खेळायचं नाही, त्याच्याकडे ऑपोझिशन असतं.

आता पट मांडा. पांढरा राजा ई५ वर, पांढरं प्यादं ई६ वर, काळा राजा ई७ वर, आणि पाळी काळ्याची. काळ्याला तीनच घरं मोकळी आहेत: डी८, ई८ आणि एफ८. तिन्ही शेवटच्या ओळीत, तिन्ही दिसायला सारखीच. पण दोन घरांवर डाव हरतो आणि एका घरावर वाचतो.

समजा काळा डी८ वर गेला. पांढरा राजा लगेच डी६ वर येऊन समोर उभा राहतो. पाळी काळ्याची. तो ई८ वर परततो, प्यादं ई७ वर सरकतं, आणि काळ्याला एफ७ सोडून घर उरत नाही. पांढरा राजा डी७ वर येतो आणि प्याद्याचा वजीर होतो. काळा एफ८ वर गेला तर हेच सगळं उजवीकडे घडतं.

वाचवणारी खेळी ई८ ची आहे, म्हणजे सरळ मागे. आता पांढरा डी६ वर आला की काळा डी८ वर जातो, एफ६ वर आला की एफ८ वर. दोन्ही वेळा पाळी पांढऱ्याची राहते. पांढऱ्याने प्यादं ई७ वर ढकललं तर ते शह देतं, काळा ई८ वर येऊन त्याच्या समोर बसतो. आता प्यादं वाचवायला पांढऱ्याला एकच खेळी आहे, राजा ई६ वर. आणि ती केली की काळ्याला शह नाही, पण हलायला घरही नाही. स्टेलमेट, म्हणजे बरोबरी.

या उदाहरणात एक खूण दडली आहे. प्यादं सातव्या ओळीत शह न देता पोचलं तर डाव जिंकणारा, शह देत पोचलं तर बहुतेक बरोबरीचा. बचाव करणाऱ्याने एवढंच धरून ठेवावं: शक्य तोवर प्याद्याच्या समोरचं घर सोडायचं नाही, हटावंच लागलं तर सरळ मागे हटायचं, आणि समोरचा राजा पुढे आला की त्याच्यासमोर उभं राहायचं.

मग जिंकणाऱ्याने काय करायचं? बहुतेकांची चूक अशी की ते प्यादं आधी पळवतात आणि राजा मागे राहतो. राजाने प्याद्याच्या पुढे चालायला हवं. पांढरा राजा ई४ वर, प्यादं ई२ वर, काळा राजा ई६ वर, पाळी पांढऱ्याची. राजे समोरासमोर आहेत, ऑपोझिशन काळ्याकडे आहे, आणि पांढऱ्याने राजा हलवला तर काळा फिरून समोर येतो. पण पांढऱ्याकडे एक जादा खेळी शिल्लक आहे. तो प्यादं फक्त एक घर, ई३ वर सरकवतो. राजे होते तिथेच आहेत, पण आता पाळी काळ्याची! तो डी६ वर सरकला तर पांढरा एफ५ वर घुसतो. काळा ई७, पांढरा ई५, पुन्हा समोरासमोर. काळा डी७, पांढरा एफ६. काळा ई८, पांढरा ई६. राजा सहाव्या ओळीत पोचला, आता प्यादं मागून सावकाश आणायचं.

हेच प्यादं सुरुवातीलाच ई३ वर असतं आणि पाळी पांढऱ्याची असती, तर जादा खेळी उरली नसती आणि डाव बरोबरीत गेला असता. म्हणून मागे राहिलेलं प्यादं अशा वेळी पुढे आलेल्या प्याद्यापेक्षा मोलाचं असतं. ती शिलकी खेळी उगाच खर्च करू नये.

मात्र ऑपोझिशन मिळवणं हे साध्य नाही. साध्य आहे राजाला प्याद्याच्या पुढच्या मोक्याच्या घरांवर पोचवणं. पांढरा राजा ई६ वर, प्यादं ई५ वर आणि काळा राजा ई८ वर असेल, तर पाळी पांढऱ्याची असली तरी तो जिंकतो. राजा डी६, काळा डी८, प्यादं ई६, काळा ई८, प्यादं ई७, शह नाही. काळ्याकडे ऑपोझिशन असूनही त्याचा उपयोग झाला नाही, कारण पांढरा राजा आधीच सहाव्या ओळीत पोचला होता.

राजे दूर असतानाही हाच हिशेब लागतो. १९५९ च्या कँडिडेट्स स्पर्धेत सोळा वर्षांच्या बॉबी फिशरने ग्लिगोरिचविरुद्ध तो करून दाखवला. पांढरा राजा सी४ वर, प्यादं बी४ वर. काळा राजा बी७ वर पुढे आणायचा मोह कुणालाही होईल, पण तसं केलं तर पांढरा बी५ वर येऊन समोर उभा राहतो आणि जिंकतो. फिशरने राजा बी८ वर नेला, म्हणजे पहिल्या नजरेला निष्क्रिय वाटेल अशा घरावर. आता पांढरा बी५ वर आला तर बी७, सी५ वर आला तर सी७. दोन्ही घरं एका खेळीच्या अंतरावर राखून तो थांबला, आणि डाव बरोबरीत सुटला.

कडेच्या प्याद्याला मात्र हा हिशेब पुरत नाही. ए किंवा एच पट्टीवर पटाची एक बाजूच नसते, त्यामुळे राजाला वळसा घालायला जागा मिळत नाही. बचाव करणारा राजा प्याद्यासमोरच्या कोपऱ्यात पोचला की ऑपोझिशन कुणाकडेही असो, डाव बरोबरीत जातो.

या साऱ्याचा खरा उपयोग दहा-पंधरा खेळ्या आधी होतो, शेवटचे हत्ती किंवा उंट एकमेकांना मारायचे की नाही हे ठरवताना. शेवटचं मोहरं गेलं की मागे फिरता येत नाही. म्हणून मारामारी करण्याआधी मनातल्या मनात पट रिकामा करा, दोन राजे आणि उरलेली प्यादी मांडा, आणि तेव्हा पाळी कुणाची असेल ते मोजा.